मराठी संमतीपत्र तपासून हवे आहे : गरोदरपणातील रक्तक्षय, शिरेतून लोह आणि माघारीचा हक्क

निळी_शाई

नमस्कार. मी विदर्भातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. गरोदरपणाचे पहिले तीन महिने उलटलेल्या आणि हिमोग्लोबिन ७ ते ९.९ ग्रॅमच्या दरम्यान असलेल्या स्त्रियांचे दोन गट करून एका गटाला लोहाच्या नेहमीच्या गोळ्या आणि दुसऱ्या गटाला फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे औषध सलाईनमधून द्यायचे आणि प्रसूतीपर्यंत कोणाचे हिमोग्लोबिन किती वाढते ते पाहायचे, असा माझा प्रबंध आहे. एथिक्स कमिटीने आराखडा मान्य केला, पण मराठी संमतीपत्र परत पाठवले. शेरा तीन ओळींचा आहे : भाषा सोपी नाही, धोके पुरेसे स्पष्ट नाहीत, माघारीचे कलम संदिग्ध आहे. नेमके काय बदलायचे, ते लिहिलेले नाही. गाईडची परवानगी घेऊन मसुद्यातील तीन वादग्रस्त परिच्छेद येथे देत आहे.

“सहभागी व्यक्तीस यादृच्छिक पद्धतीने दोनपैकी एका गटात वर्गीकृत करण्यात येईल.”

“सदर औषधामुळे क्वचित प्रसंगी अतिसंवेदनशीलतेच्या प्रतिक्रिया उद्भवू शकतात, तथापि औषध सर्वसाधारणपणे सुरक्षित मानले जाते.”

“सहभागी व्यक्ती कोणत्याही टप्प्यावर आपली संमती मागे घेऊ शकते. त्याकरिता प्रमुख संशोधकास लेखी कळविणे आवश्यक राहील. मध्येच माघार घेतल्यास अध्ययनाच्या निष्कर्षांवर विपरीत परिणाम होऊ शकतो, याची नोंद घ्यावी.”

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणि या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया मत द्यावे.

आप्पा_सातारा

गेल्या वर्षी माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले, तेव्हा असाच कागद समोर आला होता. बारीक अक्षरांत दोन पाने, आणि खाली “जीवितास धोका झाल्यास रुग्णालय जबाबदार नाही”. सही न करून सांगतो कोणाला, पोट तर दुखत होते. तुमच्याही पेशंट सही करतीलच, त्यामुळे इतका काथ्याकूट कशासाठी, हे मला समजले नाही. दवाखान्याला स्वतःचा बचाव करायचा असतो, त्यासाठीच हा कागद असतो.

वाचनवेल

आप्पा, तुमचा कागद ऑपरेशनचा होता आणि हा संशोधनाचा आहे. तुमचे ऑपरेशन तुमच्यासाठी ठरले होते. येथे त्या बाईला कोणता उपचार मिळणार, हे तिच्याकडे पाहून ठरणार नाही, आणि जी माहिती जमा होईल ती पुढे इतरांच्या उपयोगी पडेल. म्हणून तिला “नाही” म्हणता आले पाहिजे, आणि नाही म्हटल्यावरही तिचा रक्तक्षय कोणी वाऱ्यावर सोडणार नाही, हे तिला आधी कळले पाहिजे. “रुग्णालय जबाबदार नाही” असले वाक्य संशोधनाच्या संमतीपत्रात कोणतीही कमिटी ठेवू देणार नाही.

निळी_शाई, मी निवृत्त शिक्षिका आहे आणि दुसऱ्या एका महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीवर सर्वसामान्य नागरिकांची प्रतिनिधी म्हणून बसते. समितीत डॉक्टर, वकील, समाजशास्त्रज्ञ यांच्याबरोबर वैद्यकाशी संबंध नसलेली एक व्यक्ती लागतेच, ती मी. त्यामुळे मराठी कागद बहुधा माझ्याच वाट्याला येतो. तो तपासताना मी भाषेपासून सुरुवात करत नाही. प्रत्येक परिच्छेद वाचून एकच प्रश्न विचारते : हे वाचल्यावर बाईला काय करता येईल किंवा काय ठरवता येईल? उत्तर मिळाले नाही, तर शब्द कितीही सोपे असले तरी परिच्छेद निरुपयोगी आहे.

तुमचा पहिला परिच्छेद घ्या. “यादृच्छिक” काढून “चिठ्ठ्या टाकून” लिहिले, तर भाषा सोपी होईल, पण तिला जे कळायला हवे ते तरीही कळणार नाही. तिची समजूत अशी असते की डॉक्टरांनी तपासून माझ्यासाठी योग्य ते औषध निवडले. संशोधनात ही समजूत सर्वांत चिवट असते. म्हणून “कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टर ठरवणार नाहीत” हे वाक्य स्वतंत्रपणे लिहावे लागते. तुम्ही गट प्रत्यक्षात कसे पाडणार आहात?

निळी_शाई

संगणकाने तयार केलेल्या क्रमानुसार आतून काळा कागद लावलेली बंद पाकिटे आधीच तयार ठेवली आहेत. सही झाल्यानंतर पुढचे पाकीट फोडायचे आणि आत जे लिहिले असेल तो उपचार द्यायचा.

वाचनवेल

मग तसेच लिहा. पाकीट खरेच असताना नाणेफेकीची किंवा लॉटरीची उपमा कशाला हवी? उदाहरणार्थ : “गोळ्या की सलाईन, हे तुम्ही, आम्ही किंवा तुमचे डॉक्टर निवडणार नाही. तुमची सही झाल्यावर एक बंद पाकीट तुमच्यासमोर उघडले जाईल. त्यात जो उपचार लिहिलेला असेल, तो तुम्हाला दिला जाईल. दोन्हींपैकी कोणताही एक मिळण्याची शक्यता सारखीच आहे. यांपैकी कोणता उपचार जास्त चांगला, हे आम्हाला अजून नक्की माहीत नाही, म्हणूनच हा अभ्यास करत आहोत.” शेवटचे वाक्य लिहायला संशोधकांचा हात अडखळतो, असे मी पाहिले आहे. पण ते लिहिता येत नसेल, तर अभ्यासाची गरजच उरत नाही.

मोजपट्टी

मी औषध कंपन्यांच्या चाचण्यांवर देखरेखीचे काम करतो. दोन गोष्टी सांगतो. पहिली : २०१९ च्या नव्या औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांनुसार संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रण सर्वच चाचण्यांत सक्तीचे आहे. खरे समजावणे कॅमेऱ्यासमोर तोंडीच होते, त्यामुळे कागदावरच्या भाषेला लोक देतात तेवढे महत्त्व नाही. दुसरी : सहभागीने माघार घेतली की तिची सर्व माहिती नष्ट करावी लागते. हे कलमात स्पष्ट लिहा, कमिटी लगेच मान्य करेल.

कलम_पंचवीस

मोजपट्टी, चित्रणाची सक्ती सरसकट नाही. नियमांत ती अगदी नव्या रासायनिक वा रेणवीय औषधाच्या चाचणीपुरती आहे, आणि तीही सहभागी दुर्बल स्थितीतील असतील तेव्हा. एचआयव्ही व कुष्ठरोगावरील औषधांच्या बाबतीत तर केवळ ध्वनिमुद्रण पुरेसे धरले आहे. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज बाजारात असलेले औषध आहे आणि हा विद्यार्थ्याचा प्रबंध आहे. तुम्ही ज्या चाचण्या पाहता त्यांत चित्रण नेहमीचे असेल, म्हणून तसे वाटणे स्वाभाविक आहे.

चित्रण झाले, तरी कागदाचे महत्त्व कमी होत नाही. माहितीपत्रकाची आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत सहभागीला द्यावी लागते. ती प्रत घरी जाते, नवरा वाचतो, शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी वाचते, गावातील आशा वाचते. दवाखान्यात तोंडी सांगितलेले घरी गेल्यावर जेव्हा तपासले जाते, तेव्हा हा कागदच समोर असतो.

माहिती नष्ट करण्याचा मुद्दा मात्र मला महत्त्वाचा वाटतो. ज्या व्यक्तीने संमती मागे घेतली, तिची माहिती वापरत राहण्याचा आधार काय?

वाचनवेल

आधार हा की तिला आधीच सांगितलेले असते. औषधांच्या चाचण्यांत माघारीपर्यंत जमा झालेली माहिती हिशेबात ठेवण्याची रीत आहे आणि तिला कारण आहे. ज्यांना सलाईनचा त्रास झाला, त्याच बायका अभ्यास सोडून जाण्याची शक्यता जास्त. त्यांची नोंद पुसली, तर औषध आहे त्याहून निर्धोक दिसेल आणि पुढच्या बायकांना चुकीची माहिती मिळेल. मात्र ही गोष्ट सही करण्याआधी कागदावर असायला हवी. माघार घेतल्यानंतर कळली, तर ती फसवणूक ठरते.

कलम_पंचवीस

त्रासाच्या नोंदीपुरते मी मान्य करतो. पण तिचे वय, शिक्षण, घरचे उत्पन्न, आधीच्या बाळंतपणांचा तपशील हेही तितक्याच अधिकाराने ठेवायचे का? सुरक्षिततेसाठी लागणारी माहिती आणि बाकीची माहिती असा फरक करून दुसरी काढून टाकण्याचा पर्याय तिला द्यावा, असे माझे मत आहे. बहुतेक कमिट्या या खोलात जात नाहीत, हे खरे.

डॉ_पाणवठा

मी पंचवीसेक वर्षे नाशिक भागात प्रसूतीचे काम करते. आता धोक्यांच्या परिच्छेदाकडे वळू या. “अतिसंवेदनशीलतेच्या प्रतिक्रिया” कोणालाही कळणार नाही, हे मान्य. परंतु वाचनवेल यांच्या पद्धतीने सगळेच उघडपणे लिहिले, “श्वास कोंडू शकतो, रक्तदाब कोसळू शकतो” असे लिहिले, तर सातव्या महिन्यातील बाई पाकिटापर्यंत पोहोचणारच नाही. हे औषध आम्ही रोज देतो. जुन्या लोह डेक्स्ट्रानच्या तुलनेत ते फार सुरक्षित आहे. भीती घालून आपण तिला चांगल्या उपचारापासून दूर तर लोटत नाही ना, याचाही विचार व्हावा.

वाचनवेल

डॉक्टर, तुमचा आक्षेप कमिटीतही दर वेळी निघतो आणि तो पोकळ नाही. भीती वाढते ती धोका सांगितल्यामुळे कमी आणि तो अर्धवट सांगितल्यामुळे जास्त. “क्वचित” या शब्दाने एक बाई शंभरात एक समजते आणि दुसरी लाखात एक. म्हणून आकडा हवा, आणि आकड्याबरोबर “तसे झाले तर आम्ही काय करू” हेही हवे. निळी_शाई, औषधाच्या माहितीपत्रकात काय दिले आहे?

निळी_शाई

मळमळ, डोकेदुखी, चक्कर, चेहरा लाल होणे, रक्तदाब वाढणे, सुईच्या जागी त्रास आणि रक्तातील फॉस्फेट कमी होणे, हे शंभरात एक ते दहा जणांना होते. ॲलर्जीचा त्रास हजारात एक ते दहा जणांना. जिवाला धोका होईल अशी तीव्र ॲलर्जी दहा हजारांत एक ते दहा जणांना. औषध शिरेबाहेर गेले, तर तेथील त्वचेवर तपकिरी डाग पडतो आणि तो बराच काळ राहू शकतो. त्याशिवाय शिरेतून लोह देताना बाळाच्या हृदयाचे ठोके तात्पुरते मंदावल्याचे आढळले आहे. ते बहुधा आईला ॲलर्जी झाल्यामुळे होते.

वाचनवेल

यातील बाळाचा उल्लेख तुमच्या मसुद्यात कोठेच नाही. गरोदर बाई धोक्यांचा परिच्छेद स्वतःसाठी वाचतच नाही, ती बाळासाठी वाचते. डागाचाही उल्लेख नाही. तुम्हाला तो किरकोळ वाटला असेल, पण हातावर वर्षभर तपकिरी डाग घेऊन वावरणाऱ्या बाईला सासरी प्रश्न विचारले जातात. धोका किती गंभीर, हे डॉक्टरांच्या तराजूने मोजले की असे तपशील गळतात.

मी असे लिहीन : “सलाईन घेतलेल्या शंभर जणांपैकी एक ते दहा जणांना मळमळ, डोकेदुखी किंवा चक्कर येते. हा त्रास बहुधा आपोआप थांबतो. दहा हजार जणांपैकी एक ते दहा जणांना तीव्र ॲलर्जी होऊन श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो किंवा रक्तदाब एकदम उतरू शकतो. यात जिवाला धोका असतो आणि बाळाच्या हृदयाचे ठोकेही काही वेळ मंदावू शकतात. म्हणून सलाईन वॉर्डातच दिले जाईल, ते संपल्यावर अर्धा तास तुम्हाला तेथेच थांबवून तुमच्यावर आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवले जाईल, आणि ॲलर्जीवरची औषधे शेजारी तयार असतील. खाज, छातीत दाटल्यासारखे किंवा घशात आवळल्यासारखे वाटले, तर लगेच नर्सला सांगा.” शेवटच्या वाक्यामुळे तिला स्वतःला काहीतरी करता येते. डॉक्टरांच्या शंकेला माझे उत्तर तेच आहे.

डॉ_पाणवठा

अर्ध्या तासाचा मुद्दा पटला. आमच्याकडे सलाईन संपताच बस गाठायला निघणाऱ्या बायका असतात. कारण आधी कळले, तर त्या थांबतील. आकड्यांबाबत मी अजून साशंक आहे. दहा हजार ही संख्या किती जणींच्या डोळ्यांसमोर उभी राहते? आणि एक गोष्ट तुमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नाही : फक्त सलाईनचे धोके लिहिले आहेत. गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, मळमळते, शौचाला काळे होते आणि त्यामुळे निम्म्या बायका गोळ्या उशाखाली ठेवतात. शिवाय प्रसूती जवळ आली असेल, तर गोळ्यांनी रक्त वेळेत भरून येणार नाही, हाही धोकाच आहे. पाकिटातून तो उपचारही तिच्या वाट्याला येऊ शकतो.

निळी_शाई

हे खरोखरच सुटले होते. गोळ्या नेहमीच्याच असल्यामुळे त्यांचे धोके लिहायचे असतात, असे वाटले नव्हते.

मोजपट्टी

आमच्याकडील अनुभवावरून आणखी एक प्रश्न विचारतो. फॉस्फेट कमी होते असे तुम्ही लिहिणार, तर ते तपासणार आहात का? प्रायोजक कंपनीच्या चाचणीत धोका लिहिला आणि तपासणी ठेवली नाही, तर ऑडिटमध्ये पहिला प्रश्न हाच येतो.

निळी_शाई

आराखड्यात फॉस्फेटची तपासणी नाही. सुरुवातीला, चार आठवड्यांनी आणि प्रसूतीपूर्वी हिमोग्लोबिन व शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन एवढेच आहे. दर वेळी ५ मिली रक्त घेणार.

वाचनवेल

मोजपट्टींचा प्रश्न नेमका आहे. संमतीपत्र नीट लिहायला घेतले की आराखड्यातील भोके दिसू लागतात, म्हणून ते शेवटच्या दिवशी लिहू नये. तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. चार आठवड्यांच्या रक्तातच फॉस्फेटही पाहायचे आणि तसा बदल कमिटीकडे न्यायचा, किंवा कागदावर सरळ लिहायचे की हे अभ्यासात तपासले जाणार नाही, बहुतेकींना ते जाणवत नाही, पण हाडे दुखू लागली किंवा फार अशक्तपणा आला तर येऊन दाखवा. मला पहिला मार्ग योग्य वाटतो. आणि ५ मिली म्हणजे चहाचा एक चमचा, हे लिहाच. रक्त कमी आहे म्हणून आलेल्या बाईकडून रक्त काढले जाते, तेव्हा तिचा पहिला प्रश्न तोच असतो.

मेळघाटकर

मी धारणी तालुक्यात आरोग्य सहायिका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुमच्या महाविद्यालयात आमच्याकडील कोरकू बायकाही पाठवल्या जात असतील. त्यांना हे सुधारलेले मराठीही कळणार नाही. वाचताही येत नाही आणि ऐकूनही अर्धेच समजते. त्या सगळ्याला हो म्हणतात, कारण मोठ्या दवाखान्यात नाही म्हणायचे नसते असे त्यांना वाटते. मग वॉर्डातील सिस्टर साक्षीदार म्हणून सही करते आणि अंगठा उठतो. हे कोणत्या भाषेत दुरुस्त करणार?

दुसरे, आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. लोह देण्याआधी तुम्ही ती तपासणी करणार असाल, तर तिचा निकाल कोणाला सांगणार, हेही कागदावर यायला हवे. नवऱ्यासमोर सांगितले की पुढे घरात काय होते, ते मी पाहिले आहे.

कलम_पंचवीस

वाचता न येणाऱ्या सहभागीसाठी निष्पक्ष साक्षीदार लागतो, आणि तो केवळ सहीच्या वेळी नव्हे तर संमतीची संपूर्ण प्रक्रिया चालू असताना हजर असावा लागतो. ज्या वॉर्डात संशोधक काम करतो, तेथील सिस्टरला मी निष्पक्ष मानणार नाही. तिची ड्यूटी त्याच विभागाच्या हाती असते. बरोबर आलेली आशा किंवा नातेवाईक चालेल, मात्र कागदात काय आहे हे त्या व्यक्तीला स्वतः समजले पाहिजे.

निळी_शाई

सिकलसेलची तपासणी आहे. निकाल फक्त तिला एकटीला सांगू आणि तिची इच्छा असेल तरच इतरांना, असे वाक्य घालतो. कोरकू भाषेचा प्रश्न मात्र मला सोडवता आलेला नाही. कोरकू बोलणाऱ्या स्त्रियांना अभ्यासातून वगळावे, असे एका वरिष्ठांनी सुचवले आहे.

मेळघाटकर

वगळणे सोपे आहे, म्हणूनच ते नेहमी होते. मग सर्वांत जास्त रक्तक्षय जिथे आहे, तिथल्या बायकांना हे औषध कसे मानवते ते कधीच कळणार नाही. देवनागरीत कोरकू लिहिणारे शिक्षक आमच्याकडे आहेत. पण त्यांनी केलेले भाषांतर तपासणार कोण, हेही मी सांगू शकत नाही.

वाचनवेल

नेहमीची पद्धत अशी की एकाने केलेले भाषांतर दुसऱ्याने, मूळ कागद न पाहता, परत मराठीत आणायचे आणि दोन्ही ताडून पाहायचे. त्यासाठी दोन माणसे लागतात आणि प्रबंधाला पैसे नसतात. कमिटीला विचारून पाहा, याहून जास्त मी सांगू शकत नाही.

आता माघारीचे कलम. माझ्या मते तुमचा कागद खरा परत आला तो यासाठी. त्यात तीन दोष आहेत. लेखी कळवण्याची अट हा पहिला. जी बाई अंगठ्याने संमती देते, ती अर्ज कसा लिहिणार? तोंडी किंवा फोनवर सांगितले तरी पुरे, नोंद तुम्ही करायची. “निष्कर्षांवर विपरीत परिणाम होऊ शकतो” हा दुसरा. ते खरे असेल, पण तो तुमचा प्रश्न आहे. तिच्या कागदात तो घातला की हक्क सांगता सांगताच तिला अपराधी वाटायला लावले जाते. तिसरा दोष मला सर्वांत मोठा वाटतो. “कोणत्याही टप्प्यावर” असे म्हटले आहे, पण कोणत्या टप्प्यावर नाही म्हटले की पुढे काय होते, याबद्दल अवाक्षर नाही. टप्पे मोजा आणि प्रत्येकासमोर उत्तर लिहून पाहा.

निळी_शाई

प्रयत्न करतो.

पाकीट उघडण्याआधी नाही म्हटले, तर अभ्यासाबाहेर नेहमीचे उपचार मिळतील. पाकीट उघडल्यावर मनासारखा उपचार निघाला नाही म्हणून नाही म्हटले, तरीही तेच. सलाईन चालू असताना नको वाटले, तर लगेच बंद करू. सलाईन पूर्ण झाल्यावर माघार घेतली, तर… येथे मी अडकलो. औषध शरीरात गेलेले असते, ते परत काढता येत नाही.

वाचनवेल

अडकलात तेथेच खरे कलम सुरू होते. तसेच लिहा : “सलाईन पूर्ण झाल्यावर अभ्यास सोडला, तर शरीरात गेलेले औषध परत काढता येत नाही. त्यानंतर अभ्यासासाठी तुमचे रक्त घेतले जाणार नाही आणि तुम्हाला बोलावले जाणार नाही. औषधाचा काही त्रास झाला, तर मात्र उपचार मोफत मिळतील.” अनेक अभ्यासांत माघार म्हणजे सगळे पुसले जाणे, असा समज करून दिला जातो आणि तो खोटा असतो.

पहिल्या टप्प्यात “नेहमीचे उपचार” म्हणजे काय, तेही उघड करा.

डॉ_पाणवठा

हा मुद्दा मी पुढे नेते, कारण तो तुमच्या मसुद्यात नाही आणि त्यामुळे बाईची दिशाभूल होऊ शकते. ॲनिमिया मुक्त भारत या सरकारी कार्यक्रमाच्या सूचनांनुसार गरोदरपणात उशिरा रक्तक्षय आढळला किंवा गोळ्या घेतल्या जाणार नाहीत असे दिसले, तर शिरेतून लोह देता येते. म्हणजे काही बायकांना हे सलाईन अभ्यासात न येताही मिळू शकते. सलाईन हवे असेल तर अभ्यासातच यावे लागेल, असे तिला वाटले आणि म्हणून तिने सही केली, तर ती संमती कसली? शिवाय अभ्यासात येऊन तिला पाकिटातून गोळ्याच मिळतील, हेही शक्य आहे.

निळी_शाई

मॅडम, हे लिहिले तर सलाईन हवे असणाऱ्या बायका अभ्यासात येणारच नाहीत, अशी भीती गाईडना वाटते.

डॉ_पाणवठा

मला ती भीती समजते. माझ्याही विद्यार्थ्यांचे आकडे वेळेत भरलेले नाहीत. तरीही लिहावे लागेल. ज्यांना अभ्यासाबाहेरही सलाईनच द्यायला हवे, अशा उशिरा आलेल्या स्त्रियांना तुम्ही अभ्यासात घेऊ नये, असे मी सुचवेन. मग हा प्रश्न बराच सौम्य होतो.

आप्पा_सातारा

सुरुवातीला मी चुकीच्या कागदाबद्दल बोललो. आता वाचतो आहे. पण एक विचारतो. बाई तपासायला त्याच डॉक्टरकडे येणार, बाळंतपण त्याच वॉर्डात होणार, आणि नाही म्हणायचे तेही त्याच डॉक्टरला. कागदावर “उपचारांवर परिणाम होणार नाही” लिहिले, तरी ती तोंडावर नाही म्हणेल का? माझी सून म्हणणार नाही.

मेळघाटकर

म्हणणार नाही. ती फक्त पुढच्या तारखेला येणार नाही. आणि मग ती तपासणीलाच येत नाही, यात तिचे नुकसान होते. माघार कशी घ्यायची हे कळले नाही, म्हणून बाई दवाखाना सोडते, हे तुम्ही डॉक्टरांनी लक्षात घ्या.

वाचनवेल

आप्पांचा प्रश्न भाषेने सुटणारा नाही. संमती घेणारी व्यक्ती तिच्यावर उपचार करणाऱ्या पथकाबाहेरची असावी, हा एक उपाय. माघार सांगण्यासाठी संशोधकाखेरीज दुसरी व्यक्ती द्यावी, हा दुसरा : विभागातील समाजसेवा अधीक्षक किंवा कमिटीचे सदस्य सचिव. आणि कागदात “अभ्यास सोडला तरी तपासणीला येत राहा, तुमचे बाळंतपण येथेच होईल” असे शब्द घाला. “परिणाम होणार नाही” यातून हे कळत नाही.

छापण्याआधी कागद अभ्यासात नसलेल्या चार-पाच बायकांना वाचून दाखवा. “समजले का” असे विचारू नका, हो असेच उत्तर येईल. “सलाईन अर्धे झाल्यावर तुम्हाला नको वाटले तर काय कराल?” असे विचारा आणि उत्तर तिच्या शब्दांत ऐका. “डॉक्टर रागावतील” असे आले, तर कलम पुन्हा लिहायचे.

निळी_शाई

सुधारलेले माघारीचे कलम देत आहे.

“या अभ्यासात यायचे की नाही, हे तुम्ही ठरवायचे आहे. आता हो म्हणून नंतर कधीही नाही म्हणता येते. कारण सांगावे लागत नाही. तोंडी किंवा फोनवर सांगितले तरी चालते. मला सांगणे अवघड वाटले, तर खाली दिलेल्या समाजसेवा अधीक्षकांना सांगा. सलाईन चालू असताना नको वाटले, तर ते लगेच बंद केले जाईल. सलाईन पूर्ण झाले असेल, तर शरीरात गेलेले औषध परत काढता येत नाही, पण त्यानंतर अभ्यासासाठी रक्त घेतले जाणार नाही. औषधामुळे काही त्रास झाला, तर उपचार मोफत केले जातील. तोपर्यंत लिहून घेतलेली माहिती तुमच्या नावाशिवाय अभ्यासात राहील. अभ्यास सोडला तरी रक्तक्षयाचे उपचार चालू राहतील, तपासणीला येत राहा, बाळंतपण येथेच होईल. जितक्या वेळा आलात, तितक्या वेळचे प्रवासाचे पैसे मिळतील.”

उरलेले रक्त “भविष्यातील संशोधनासाठी” साठवण्याचे एक वाक्य मूळ कागदात शेवटी होते. ते काढून त्यासाठी हो किंवा नाही अशी वेगळी चौकट केली आहे. नवऱ्याच्या सहीची ओळ कमिटीने मागितलेली नाही, पण विभागाच्या छापील नमुन्यात ती आहे. ती ठेवावी का?

कलम_पंचवीस

सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे, ओळ काढा. तिला घरी विचारायचे असेल, तर कागद घरी नेऊन दुसऱ्या दिवशी या, असे लिहा. रक्ताच्या चौकटीबद्दल एक प्रश्न : साठवलेल्या नळीवर तिचा क्रमांक राहणार आहे का? राहणार असेल, तर माघार घेतल्यावर तिची नळी शोधून नष्ट करता येईल. क्रमांक कायमचा पुसणार असाल, तर ती नंतर सापडणारच नाही, आणि हे चौकटीतच लिहावे लागेल. आणि मोफत उपचार हे झाले, पण कायमची इजा झाली तर भरपाई कोण देणार? प्रबंधाला प्रायोजक नाही, म्हणजे ती संस्थेची जबाबदारी. विद्यार्थ्याने खिशातून भरायची नसते.

निळी_शाई

क्रमांक राहणार आहे, तसे लिहितो. भरपाईबद्दल अधिष्ठाता कार्यालयात विचारले, तेव्हा प्रबंधासाठी अशी तरतूद असते का, असे त्यांनीच मला विचारले. कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तोपर्यंत संस्थेकडून लेखी उत्तर आले नाही, तर भरपाईची जागा रिकामी ठेवून कागद पाठवावा की पाठवूच नये?

वाचनवेल

रिकामी ठेवून पाठवू नका. कमिटीच्या अध्यक्षांना पत्र लिहून हाच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा. संस्थेकडून उत्तर मागण्याचे काम त्यांना करू द्या.